आजारपणामुळे प्रकल्पाची मुदत वाढवून मागायची आहे, अर्ज कसा लिहावा?

अंधेरीची_विद्यार्थिनी

नमस्कार. मी मुंबईतल्या एका महाविद्यालयात एम.ए. समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातल्या मासे विकणाऱ्या बायकांच्या कामाच्या वेळा हा माझ्या प्रकल्पाचा विषय असून तो २० सप्टेंबरला विभागात जमा करायचा आहे. ९ तारखेला मला ताप भरला, ११ तारखेच्या रक्ततपासणीत डेंग्यू निघाला आणि १२ ते १५ मी रुग्णालयात होते. डॉक्टरांनी २२ पर्यंत विश्रांती सांगितली आहे. मुलाखती ऑगस्टमध्येच पूर्ण झाल्या आणि पहिली तीन प्रकरणे लिहून तयार आहेत, पण विश्लेषण आणि निष्कर्ष ही दोन प्रकरणे राहिली आहेत. आज १७ तारीख आहे.

मार्गदर्शक मॅडमना पाठवण्यासाठी मी पुढील मजकूर लिहिला आहे:

"आदरणीय मॅडम, सर्वप्रथम आपला अमूल्य वेळ घेत असल्याबद्दल मी आपली मनःपूर्वक क्षमा मागते. गेल्या काही दिवसांपासून माझी प्रकृती अत्यंत गंभीर झाल्यामुळे मी प्रकल्पाचे काम करू शकले नाही. तरी माझ्या परिस्थितीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून मला थोडे दिवस वाढवून द्यावेत, ही नम्र विनंती."

यात काय बदलावे? दुसरी अडचण कागदपत्रांची आहे. रुग्णालयाच्या कागदावर दाखल तारीख १२ असल्यामुळे त्याआधीचे तापाचे दिवस कुठेच दिसत नाहीत असे मला वाटते. मावशी म्हणते की ओळखीच्या डॉक्टरांकडून ९ ते २२ असे एकच प्रमाणपत्र घेऊन टाक. ते घ्यावे का?

दादरचे_काका

माझ्या मुलाचे मागल्या वर्षी असेच झाले होते. त्याची हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली आणि परीक्षेला बसू देणार की नाही यावरून आम्हाला महाविद्यालयाच्या कार्यालयात बऱ्याच चकरा माराव्या लागल्या. तुम्ही आधी हजेरी माफीचा अर्ज प्राचार्यांच्या नावे द्या आणि त्याची पोच घ्या.

अंधेरीची_विद्यार्थिनी

काका, माझी हजेरी पुरेशी आहे. प्रश्न फक्त प्रकल्पाच्या तारखेचा आहे.

ठाणेकर

प्रमाणपत्र जोडल्याशिवाय अर्ज पाठवू नका, हे पहिले. रक्ताचे सगळे रिपोर्ट, प्लेटलेटचे आकडे, औषधांची बिले असे जे असेल ते स्कॅन करून जोडा, म्हणजे कुणाला शंका घ्यायला जागा राहत नाही. आणि मागताना महिनाभर मागा. घासाघीस होऊन पंधरा दिवस तरी हाती पडतील.

प्राध्यापिका_मुलुंड

मी पदव्युत्तर वर्गांना शिकवते आणि दर सत्रात असे अर्ज वाचते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ठाणेकरांचे पहिले म्हणणे बरोबर आहे, कागद जोडावा. मात्र एकच जोडावा, आणि तो म्हणजे डिस्चार्ज कार्ड. तुमच्या प्लेटलेट किती उतरल्या होत्या हे तुमच्या मॅडमना कळण्याची गरज नाही, आणि दहा पानांची जोडणी कुणी उघडतही नाही. आता हातातले कार्ड नीट वाचा. दाखल होतानाच्या तक्रारींपुढे बहुधा "तीन दिवसांपासून ताप" अशा अर्थाची ओळ असते, कारण दाखल करणारा डॉक्टर ते विचारूनच लिहितो. आणि शेवटी औषधांच्या खाली विश्रांतीचा सल्ला असतो. या दोन ओळी असतील तर ९ ते २२ हा सगळा काळ त्याच कागदावर आलेला आहे. ज्या डॉक्टरांनी तुम्हाला ९ तारखेला पाहिलेच नाही, त्यांच्याकडून ९ पासूनचे प्रमाणपत्र घेतले तर ते खोटे ठरेल, शिवाय खऱ्या कार्डाशेजारी ठेवल्यावर उगाच संशय येईल. मावशींचा हेतू चांगला आहे, पण ते करू नका.

महिनाभर मागण्याचा सल्ला मात्र मुळीच ऐकू नका. अंतर्गत गुण परीक्षा विभागाकडे देण्याची तारीख आम्हालाही ठरवून दिलेली असते. त्या तारखेच्या आत, वाचून गुण द्यायला चार दिवस हातात राहतील इतकीच मुदत शिक्षक आपल्या अधिकारात वाढवू शकतात. त्यापुढचे विभागप्रमुखांकडे जाते. म्हणून "थोडे दिवस" वाचले की मला परत पत्र लिहून विचारावे लागते, आणि "एक महिना" वाचले की नाही म्हणावे लागते. नेमकी तारीख लिहिलेली असली की हो किंवा नाही एका ओळीत सांगता येते.

तुमच्या बाबतीत ती तारीख कशी काढावी? २२ पर्यंत विश्रांती आहे आणि दोन प्रकरणे उरली आहेत. डेंग्यूचा ताप गेला तरी थकवा बरेच दिवस रेंगाळतो, त्यामुळे रोज दहा तास लिहीन असा हिशेब धरू नका. मी असते तर ३० सप्टेंबर मागितली असती. २ ऑक्टोबरला गांधी जयंतीची सुट्टी असते, तेव्हा त्याला खेटून मागण्यात अर्थ नाही. एकदा वाढवून घेतलेली तारीख पुन्हा वाढवून मागणे फार अवघड जाते, हेही ध्यानात असू द्या.

मजकुराविषयी सांगायचे तर "अत्यंत गंभीर" काढून टाका. तुम्ही अतिदक्षता विभागात नव्हता. डेंग्यू झाला आणि चार दिवस दाखल होते एवढे वाक्य पुरते. क्षमा मागण्यासारखेही काही घडलेले नाही. काम किती झाले आहे हे मात्र मसुद्यात कुठेच नाही, आणि मी तर सगळ्यात आधी तेच शोधते. तयार तीन प्रकरणे २० तारखेलाच देते असे लिहा.

गोरेगावचा_एमफिल

शेवटच्या मुद्द्याशी मी सहमत नाही. मी अर्धे काम आधी दिले होते, तेव्हा सरांनी त्यावरच मत बनवले आणि उरलेले फारसे पाहिले नाही असे मला अजूनही वाटते. दिलेच तर "कच्चा मसुदा" असे वर ठळक लिहून द्या.

प्राध्यापिका_मुलुंड

तसेही होते, नाकारत नाही. शिक्षकावर अवलंबून आहे. त्यांच्या मॅडम कशा आहेत हे त्यांनाच ठाऊक.

अंधेरीची_विद्यार्थिनी

कार्ड काढून पाहिले. "तीन दिवसांपासून ताप, अंगदुखी" असे खरोखरच लिहिले आहे आणि खाली विश्रांतीचा सल्लाही आहे. मॅडमनी पहिल्या दोन प्रकरणांचे मसुदे आधी पाहिलेले असल्यामुळे मी तयार भाग देणार आहे. आता मजकूर असा केला आहे:

"विषय: प्रकल्प जमा करण्यास ३० सप्टेंबरपर्यंत मुदतवाढ मिळण्याबाबत

आदरणीय मॅडम,

मला ९ सप्टेंबरपासून ताप होता आणि डेंग्यूमुळे मी १२ ते १५ सप्टेंबर रुग्णालयात दाखल होते. डॉक्टरांनी २२ सप्टेंबरपर्यंत विश्रांती सांगितली आहे. डिस्चार्ज कार्ड सोबत जोडले आहे. प्रकल्पाची पहिली तीन प्रकरणे तयार असून ती मी २० तारखेलाच आपल्याकडे पाठवीन. विश्लेषण आणि निष्कर्ष ही प्रकरणे पूर्ण करण्यासाठी मला ३० सप्टेंबरपर्यंत मुदत मिळावी, ही विनंती. ही तारीख शक्य नसल्यास आपण सांगाल त्या तारखेपर्यंत जेवढे पूर्ण होईल तेवढे मी जमा करीन.

आपली विद्यार्थिनी,
(नाव, वर्ग, हजेरी क्रमांक)"

हे ईमेलने पाठवू की व्हॉट्सॲपवर? आमच्याशी मॅडम व्हॉट्सॲपवरच बोलतात.

ठाणेकर

व्हॉट्सॲपच. लगेच निळी खूण दिसते.

प्राध्यापिका_मुलुंड

अर्ज ईमेलने पाठवा, कारण उद्या विभागप्रमुखांनी विचारले तर मॅडमना तोच पुढे पाठवता येईल. व्हॉट्सॲपवर फक्त "मॅडम, मुदतवाढीचा अर्ज ईमेलने पाठवला आहे" एवढे कळवा. आणि आजच पाठवा. २० तारीख उलटून गेल्यावर आलेला अर्ज मंजूर करायला मलाही कारण शोधावे लागते. कार्डावरचा घरचा पत्ता आणि फोन नंबर झाकून स्कॅन केलेत तरी चालेल, नाव आणि तारखा दिसल्या म्हणजे झाले.

दादरचे_काका

पोच मात्र घ्याच.