‘तू चल, तिथे गेल्यावर तुझंही बघू’: एच-४ वरच्या चिडचिडीचा हिशेब

मूळ पोस्ट, कोथरूडची_पाहुणी: पुण्यात टीम लीडची जागा मिळत होती. ती नाकारून नवऱ्याच्या नोकरीसाठी डॅलसला आले. दोन वर्षांत त्याला बढती मिळाली आणि मी एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर घरात. आता त्याचा लॅपटॉप उघडल्याचा आवाजही डोक्यात जातो. चूक माझी की त्याची?

सदाशिव_नाना: संसार म्हटला की कुणीतरी एक पाऊल मागे घेतंच. आमच्या पिढीत बायका नवऱ्याच्या बदलीबरोबर गावोगाव गेल्या, कुणी लॅपटॉपचा राग केला नाही.

कागदपत्रे: नाना, तुमच्या पिढीत बदलीच्या गावी बायकोने नोकरी केली तर सरकार तिला हाकलत नव्हतं. इथे हाकलू शकतं. म्हणून हा प्रश्न मनाच्या मोठेपणाचा नाही, कुठला कागद कधी हलला याचा आहे.

एच-४ वाल्या जोडीदाराला कामाची परवानगी २०१५ पासून मिळते, पण नवऱ्याच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीने भरलेला आय-१४० अर्ज मंजूर झाला असेल तरच. नाहीतर त्याचा एच-१बी हा कामाचा व्हिसा सहा वर्षांपुढे वाढलेला हवा. आय-१४० च्या आधी पर्म, म्हणजे त्या पदासाठी अमेरिकेच्या कामगार खात्याची मंजुरी. पर्मच्या आधी प्रचलित वेतन ठरवून घ्यायचं आणि जाहिराती द्यायच्या. हे सगळं मिळून दोन वर्षं सहज जातात. आय-१४० ला जादा पैसे भरले तर पंधरा कामकाजी दिवसांत निकाल लागतो, पण पर्मला घाई करायची सोयच नाही. म्हणजे कंपनीने पर्म ज्या दिवशी सुरू केलं, त्या दिवसापासून बायकोचं घड्याळ चालू होतं. विमानात बसल्यापासून नाही.

आणि हा सगळा खटाटोप कंपनीने करायचा असतो. बायकोच्या हातात एकही अर्ज नाही. ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणणाऱ्या किती नवऱ्यांनी ऑफर लेटरवर सही करण्याआधी ‘पर्म कितव्या महिन्यात सुरू करणार’ हे लेखी विचारलं? काही कंपन्या रुजू होताच करतात, काही वर्ष पूर्ण झाल्यावर, काही टाळत राहतात. त्या एका ईमेलवर बायकोची दोन वर्षं अवलंबून असतात.

रानभूल: तुम्ही सगळं नवऱ्यावर ढकलताय. नवीन माणूस एचआरशी घासाघीस करेल का? मुळात हा नियमच उद्या रद्द होईल, त्यावर कोर्टात खटला आहे.

कागदपत्रे: होता. तो ऐकायला सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये नकार दिला. सरकार नियम बदलू शकतं, तेवढं तुमचं बरोबर.

मीच_ती: एवढं काय घाबरायचं? मी एच-४ वर असून पुण्याच्या कंपनीचं काम इथून करते. पगार रुपयात, भारतातल्या खात्यात. अमेरिकेचा काय संबंध? पाहुणीताई, जुन्या बॉसला फोन लावा.

कागदपत्रे: हे वाचून एखादी उद्या फोन लावेल, म्हणून सविस्तर लिहितो. पगार कुठल्या खात्यात येतो यावर काहीच ठरत नाही. काम करताना तुम्ही कुठे बसला आहात, यावर ठरतं. डॅलसमध्ये बसून केलेल्या कामाची कमाई अमेरिकेच्या हिशेबी अमेरिकेतलीच. ती विवरणपत्रात दाखवली तर परवानगीशिवाय काम केल्याची लेखी कबुली. लपवली तर करचुकवेगिरी. शिवाय परदेशी खात्यांतली एकत्रित रक्कम वर्षात एकदाही दहा हजार डॉलरवर गेली तर ती खाती वेगळी कळवावी लागतात.

हे कधी उघडं पडतं? रोज कुणी तपासायला येत नाही. पुढे ग्रीन कार्डसाठी आय-४८५ भरताना मागच्या पाच वर्षांच्या नोकऱ्या लिहायच्या असतात, तिथे अडकतं.

मीच_ती: माझ्या ओळखीच्या चौघीजणी करतात, कुणाला काही झालेलं नाही. आणि आय-४८५ मध्ये १८० दिवसांची माफी असते ना?

कागदपत्रे: असते, नोकरीवर आधारलेल्या ग्रीन कार्डात. पण ती १८० दिवसांपर्यंतच, आणि कामाशिवाय बाकीचा नियमभंगही त्याच दिवसांत धरतात. तुम्ही किती महिने करताय?

मीच_ती: ते तुम्हाला सांगायची गरज नाही.

सदाशिव_नाना: बघा, विषय कुठे गेला. बाईने विचारलं काय, चाललंय काय.

रानभूल: नाना, पहिल्यांदाच पटलं तुमचं. पण मग करायचं काय तिने? दोन-अडीच वर्षं ती पुण्यात आणि तो इथे? त्याला संसार म्हणायचं?

कागदपत्रे: मी तसं म्हणत नाही. पण राजीनाम्याची तारीख तरी आपल्या सोयीने ठरवता येते. समजा मूळ पगार साठ हजार आहे आणि नोकरीला साडेचार वर्षं झाली आहेत. पाच वर्षं पूर्ण झाली तर ग्रॅच्युइटी साठ हजार गुणिले १५, भागिले २६, गुणिले पाच, म्हणजे सुमारे १,७३,००० रुपये. सहा महिने आधी निघालं तर शून्य. राजीनाम्याऐवजी बिनपगारी रजा मिळते का, हेही आधी विचारायचं. यातलं काहीच न विचारता घाईने निघालेल्या बाईला पुढे नवऱ्याची बढती टोचते, त्यात नवल नाही.

रानभूल: बरं, तुमचा हिशेब मान्य. तरी तो लग्नाचा नाही, मालमत्तेच्या वाटणीचा वाटतो.

कागदपत्रे: लग्नाचाच आहे. आणि पाहुणीताई, ‘बढती मिळाली’ हा शब्द मला खटकतोय. पर्म एका ठरावीक पदासाठी असतं. आय-१४० मंजूर होण्याआधी नवऱ्याचं पद आणि काम बरंच बदललं, तर कंपनी बहुतेक वेळा नव्या पदासाठी पर्म पुन्हा पहिल्यापासून करते. म्हणजे त्याच्या बढतीनेच तुमचं घड्याळ शून्यावर आलेलं असू शकतं. पर्म झालं का, कुठल्या पदासाठी झालं आणि आय-१४० ची मंजुरी हातात आहे का, हे तीन प्रश्न आजच विचारा.

मंजुरी असेल तर कामाच्या परवानगीचा आय-७६५ भरा. एच-४ ची मुदतही वाढवायची असेल तर आधी आय-५३९ मंजूर व्हावा लागतो, त्यात महिने जातात. पुढे या परवानगीचं नूतनीकरण मुदत संपण्याआधी १८० दिवसांत, जितक्या लवकर भरता येईल तितक्या लवकर. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना आपोआप मुदतवाढ मिळत नाही. जुनं कार्ड संपलं आणि नवं आलं नाही, तर त्या दिवशी काम बंद.

सदाशिव_नाना: एवढं करूनही नवऱ्याची नोकरी गेली तर?

कागदपत्रे: साठ दिवस. त्यात दुसरी कंपनी मिळाली नाही तर त्याच्याबरोबर तिचाही मुक्काम संपला. तिने कितीही मोठी नोकरी मिळवलेली असो. म्हणून काहीजणी मार्चच्या एच-१बी सोडतीत एखाद्या कंपनीमार्फत स्वतःच्या नावाने उतरतात. ते नशिबाचं काम, पण लागलं तर कागद तिचा स्वतःचा.

कोथरूडची_पाहुणी: विचारलं. पर्म मागच्या मे महिन्यात सुरू झालं होतं, बढतीनंतर ‘नव्याने करू’ असं वकिलाचं ईमेल आलं. ते ईमेल सात महिने त्याच्या इनबॉक्समध्ये होतं. त्याला ते ‘ऑफिसचं काहीतरी’ वाटलं, म्हणे.

रानभूल: मी मघाशी नवऱ्याची बाजू घेतली, तेवढं माझं वाक्य परत घेते.

मीच_ती: बघा, मी म्हटलं होतं, पुण्याला फोन लावा.

कागदपत्रे: फोन लावू नका. वकिलाला विचारा, नवं पर्म नक्की कधी दाखल होणार आणि जाहिराती सुरू झाल्या का. उत्तर नवऱ्याच्या तोंडी नको, ईमेलवर आणि तुम्हाला सीसी करून.