बहिणीसाठी विचारतेय: उलट्यांनी घसा सोलवटलाय, आवाज बसलाय

(सोसायटीतल्या बायकांचा ग्रुप, सोमवार)

केतकी, सी ४०३: एक विचारायचं होतं. माझ्या बहिणीला दिवस गेलेत, नववा आठवडा चालू आहे. दिवसाला चार-पाच उलट्या होतात. गेले सहा दिवस घसा आतून सोलल्यासारखा झालाय आणि आवाज पार बसलाय. ती शाळेत शिकवते, चौथीचा वर्ग आहे. घरगुती काही आहे का?

मंगलकाकू, ए २०१: ज्येष्ठमधाची कांडी! दिवसभर गालात धरायची. दोन दिवसांत आवाज मोकळा. माझ्या सासूबाई कीर्तनकारांना हेच द्यायच्या.

रेश्मा, बी ३०५: आणि लिंबू-आलं-मध गरम पाण्यातून. मला तरी त्यानेच बरं वाटतं.

अस्मिता, ए ५०२: उद्या टाकी साफ होणार आहे, ११ ते ३ पाणी नाही. सगळ्यांनी भरून ठेवा. (मध्येच आले, सॉरी.)

सुनंदाताई, बी १०२: केतकी, थांब. ज्येष्ठमध नको गं. मंगलकाकू, रागावू नका, कीर्तनकाराला चालतं ते गरोदर बाईला चालेलच असं नाही. ज्येष्ठमधात जे गोड लागतं, त्याने रक्तदाब वाढतो आणि अंगातलं पोटॅशियम कमी होतं. उलट्यांनी ते आधीच जात असतं. शिवाय आईच्या अंगातलं एक ताणाचं संप्रेरक बाळापर्यंत फार पोचू नये म्हणून वारेत एक बांध असतो, तो ज्येष्ठमधाने सैल होतो. फिनलंडमध्ये ज्येष्ठमधाची मिठाई पोरं चॉकलेटसारखी खातात, तिथेही गरोदर बायकांनी ती टाळावी असा सल्ला देतात.

मंगलकाकू, ए २०१: अगं बाई. मी तर दोन्ही बाळंतपणांत चघळलंय.

सुनंदाताई, बी १०२: एखाद्या तुकड्याने काही होत नाही, काकू. रोज, दिवसभर गालात धरायचं ते नको. आणि केतकी, खोकल्याच्या आयुर्वेदिक गोळ्या आणि चाटणांतही ते असतं. पाकिटावर यष्टिमधु किंवा मुलेठी लिहिलेलं असतं, वाचून घे. म्हणजे बहिणीला वाचायला सांग.

केतकी, सी ४०३: बरं झालं विचारलं. तिने कालच एक गोळ्यांचं पाकीट आणलंय.

सुनंदाताई, बी १०२: आता मला काही सांग. ताप आहे का? उलटीनंतर ती लगेच काय करते? गुळण्या कशाच्या करते? लघवी कशी होते? पाणी पोटात टिकतं का? मी सत्तावीस वर्षं प्रसूती वॉर्डात काढली आहेत, हे विचारल्याशिवाय मला पुढे बोलताच येत नाही 😄

केतकी, सी ४०३: ताप नाही. सर्दी नाही. उलटी झाली की तोंड घाण होतं म्हणून लगेच दात घासते. मग लिंबूपाणी पिते, मळमळ थांबते म्हणून. गुळण्या त्या तपकिरी आयोडीनच्या औषधाच्या, घरात बाटली होती. लघवी होते, जरा पिवळी असते. पाणी घोट घोट टिकतं, गटकन प्यायलं की बाहेर.

सुनंदाताई, बी १०२: ताप-सर्दी नाही म्हणजे हा बहुधा जंतूंचा घसा नाही, आम्लाने भाजलेला घसा आहे. जठराला आतून जाड अस्तर असतं, ते आम्ल सोसतं. घशाला तसलं अस्तर नाही. स्वरतंतू अन्ननलिकेच्या तोंडाला अगदी लागून असतात. उलटी वर येते तेव्हा थोडंसं आम्ल त्यांच्यावरही पडतं, आणि कुंथून ओकारी काढताना त्यांना धक्का बसतो तो वेगळाच. ते सुजतात, मग आवाज जाड, फाटका येतो. अशा घशावर ती दिवसातून चार वेळा लिंबू ओततेय!

रेश्मा, बी ३०५: अरे देवा. मी तेच सांगितलं ना वर.

सुनंदाताई, बी १०२: मळमळीला लिंबू खरंच बरं वाटतं, त्यात तुझी चूक नाही. लिंबू कापून नाकाशी धरायचं, प्यायचं नाही. वास पुरतो. कोकम सरबत, चिंचेचं सार, आंबट ताक हेही सध्या बाजूला. आल्याचा तिखट काढाही नको. एक चकती कोमट पाण्यात टाकून प्यायली तर चालेल.

सुनंदाताई, बी १०२: आयोडीनच्या गुळण्या बंद. ते थोडं थोडं अंगात शोषलं जातं आणि पोटातल्या बाळाच्या थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो. डॉक्टरांनी स्वतः सांगितल्याशिवाय गरोदरपणात ते वापरायचं नाही.

केतकी, सी ४०३: मग उलटीनंतर करायचं काय? तोंडाची ती चव सहन होत नाही हो ताई.

सुनंदाताई, बी १०२: 'तिला' सहन होत नसेल 🙂 ऐक. कपभर साध्या पाण्यात खायचा सोडा चहाचा एक चमचा, हलवून विरघळवायचा. धुण्याचा सोडा नव्हे, भजी-ढोकळ्यात घालतो तो. आधी नुसत्या पाण्याने चूळ भरायची, मग हे सोड्याचं पाणी तोंडात खळखळवायचं, मान मागे करून घशात गुरगुरवायचं आणि थुंकून टाकायचं. गिळायचं नाही, त्यातून अंगात सोडियम भरपूर जातं. आम्ल तिथल्या तिथे मरतं. एक बाटली बेसिनपाशी तयारच ठेवायची, नाहीतर उलटीनंतर चमचा शोधत बसायला कोणाला जमतंय? दात मात्र किमान अर्ध्या तासाने घासायचे. आम्लाने दाताचा वरचा थर तेवढा वेळ मऊ पडलेला असतो, लगेच ब्रश फिरवला की तो झिजतो.

प्राची, सी १०४: हे मला डेंटिस्टने तिसऱ्या महिन्यात सांगितलं, तोवर मी जोरजोरात घासत होते. पुढचे दोन दात अजून शिवशिवतात.

अस्मिता, ए ५०२: मिठाच्या गुळण्या चालतील ना?

सुनंदाताई, बी १०२: चालतील. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. घसा फार सोललेला असेल तर पहिले दोन दिवस झोंबतात, मग सोडाच बरा. त्यानंतर गार काहीतरी: बर्फाचा खडा चोखायचा, गार दुधाचे दोन घोट, किंवा अर्धा चमचा मध नुसता चाटायचा. मध आईला चालतो, वर्षाच्या आतल्या बाळाला नाही. जेवणात भाताची पेज, मऊ भात, केळं. चिवडा, कडक टोस्ट, खाकरा घशाला ओरखडतात.

रेश्मा, बी ३०५: पण सकाळी उठायच्या आधी कोरडं काहीतरी खा असं सगळे सांगतात की.

सुनंदाताई, बी १०२: सांगतात आणि ते बरोबरच आहे. रिकाम्या पोटी येणारी पिवळी उलटी सगळ्यात जास्त जाळते, कारण आम्ल पातळ करायला पोटात काही नसतंच. म्हणून उशाशी साळीच्या लाह्या ठेवायच्या, त्या तोंडात विरघळतात. चार-पाच खाऊन दहा मिनिटं पडून राहायचं, मग उठायचं.

वृंदाताई, ए १०३: मी गाण्याच्या बाजूने सांगू? केतकी, बहीण सध्या कुजबुजून बोलतेय का?

केतकी, सी ४०३: हो. आवाजाला आराम म्हणून.

वृंदाताई, ए १०३: तिथेच फसतात सगळे. कुजबुजताना बहुतेकांचा गळा जास्तच आवळला जातो. बोलायचंच तर हळू, पण आपल्या साध्या आवाजात, शेजारच्या माणसाला ऐकू जाईल इतकंच. नाहीतर गप्प बसायचं. आणि सारखं खाकरणं बंद! खाकरताना सुजलेले तंतू एकमेकांवर आपटतात, मग पुन्हा काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, मग पुन्हा खाकरा. खाकरावंसं वाटलं की पाण्याचा एक घोट घेऊन नुसतं गिळायचं. माझ्या विद्यार्थिनींना हे शिकवायला महिना जातो.

प्राची, सी १०४: शाळेत काय करायचं मग?

वृंदाताई, ए १०३: टाळी, घंटा, फळ्यावर लिहिणं. एखाद्या पोराला वाचायला उभं करायचं. ओरडायचं नाही म्हणजे नाही. गरम पाण्याची वाफ पाच मिनिटं घ्यावी, साधीच, त्यात बाम टाकू नका. बामाच्या वासानेच उलटी व्हायची.

केतकी, सी ४०३: एक राहिलं. आज दुपारच्या उलटीत लाल दोऱ्यासारखं काहीतरी दिसलं. एकदाच. तिने कोणाला सांगितलं नाही अजून.

सुनंदाताई, बी १०२: हे पहिलं सांगायचं असतं गं. घसा सोललेला असेल तर एखादी रेघ येते, जोराच्या ओकारीने अन्ननलिकेला बारीक चीर पडूनही येते. बहुतेक वेळा ती आपोआप भरते. पण डॉक्टरांना आजच फोन करायचा. रेघेपेक्षा जास्त रक्त आलं किंवा कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट आलं तर फोन करत बसायचं नाही, थेट दवाखाना. आठ तास लघवी झाली नाही, ती गडद झाली, उभं राहिल्यावर चक्कर आली, दिवसभर घोटभर पाणीही टिकलं नाही, तरीही तसंच. आणि वजन बघ. पंचावन्न किलोची बाई बावन्नच्या खाली आली तर ते नेहमीचं मळमळणं राहत नाही.

केतकी, सी ४०३: फोन लावते. लावायला सांगते.

(शुक्रवार)

केतकी, सी ४०३: सुनंदाताई, सोमवारी डॉक्टरांनी बोलावून तपासलं. ती रेघ घशातलीच असावी म्हणाले, पुन्हा आली नाही. लघवी तपासली, ठीक आहे. डॉक्सिलॅमिन आणि बी-६ ची गोळी रात्री झोपताना दिलीय. झोप फार येते, पण सकाळची पहिली उलटी दोन दिवस झालीच नाही. जळजळीसाठी पातळ अँटासिड दिलंय. मी फसफसणारी सोड्याची पुडी चालेल का विचारलं, तर नको म्हणाले, तुम्ही सोड्याबद्दल सांगितलं तेच कारण.

सुनंदाताई, बी १०२: छान. उलटीच कमी झाली की घसा आपला आपण भरतो. गुळण्या कितीही केल्या तरी रोज पाचदा आम्ल वर येत असेल तर उपयोग तेवढाच. आवाज?

केतकी, सी ४०३: घशाची आग गेली. आवाज सकाळी बरा असतो, दुपारी तिसऱ्या तासाला परत फाटतो.

वृंदाताई, ए १०३: म्हणजे सूज अजून आहे. दुपारचे तास कोणाशी तरी बदलून घे आठवडाभर. तीन आठवड्यांनंतरही असाच राहिला किंवा गिळताना अडकू लागलं तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवायचं.

मंगलकाकू, ए २०१: केतकी, काल जिन्यात भेटलीस तेव्हा तुझाही आवाज बसलेलाच होता. आणि तुला बहीण कधीपासून आहे गं? लग्नात तर दोन भाऊच दिसले होते.

केतकी, सी ४०३: 🙈

मंगलकाकू, ए २०१: तीन महिने होईपर्यंत मी काही ऐकलेलं नाही. दारावर पेजेचा डबा टांगलाय. त्यात तूप-मीठ आहे, लिंबाचं लोणचं मुद्दाम दिलेलं नाही.