मदत हवी आहे : एकत्र कुटुंबात पगार सगळा घरात जातो, स्वतःसाठी साठवायचं कसं? (भांडण न होता)

शेवंती_तासगाव

नमस्कार. लिहू की नको करत आठ दिवस गेले, शेवटी लिहितेय.

आम्ही तासगावात राहतो. घरात नऊ माणसं : सासरे (आम्ही अण्णा म्हणतो), सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई, त्यांची दोन मुलं, आम्ही दोघं आणि आमची सहा वर्षांची मुलगी. अण्णा निवृत्त शिक्षक, पेन्शन 32 हजार. भाऊजींचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात विहिरींवरच्या मोटरी जळतात तेव्हा श्वास घ्यायला वेळ नसतो, पावसाळ्यात माश्या मारतात. यांना कुपवाड एमआयडीसीत हातात 62 हजार मिळतात, मला सांगलीतल्या लॅबमध्ये 26.

लग्न झाल्यापासूनची पद्धत अशी की पैसे अण्णांच्या खात्यात द्यायचे आणि घर ते चालवणार. हे 45 हजार देतात, मी 10. भाऊजी कधी 10, कधी 20, कधी काहीच नाही. अण्णांची पेन्शनही तिथेच येते. अण्णा हिशेब चोख ठेवतात, एक रुपया इकडचा तिकडे नाही, त्यामुळे तक्रार ती नाही.

अडचण अशी की मुलीच्या नावाने सुकन्या खातं उघडून महिना 4-5 हजार टाकायचे आहेत आणि चार-पाच वर्षांत सांगलीला छोटा फ्लॅट बघायचा आहे. विषय काढला की सासूबाई म्हणतात, "म्हणजे वेगळं निघायचंय का?" गेल्या वर्षी भाऊजींना नवीन वाइंडिंग मशीन आणि तांब्याच्या तारेसाठी घरातल्या ठेवीतून 1 लाख 80 हजार दिले गेले. उसने की असेच, कुणी बोललंच नाही. मी विचारलं तर मीच वाईट.

आम्ही किती द्यावं, हे ठरवायची काही रीत आहे का?

रांगडा_कराडकर

सरळ माणशी हिशेब करा. मोठ्याला एक, पोराला अर्धा. तुमचे अडीच वाटे, दिरांचे तीन, म्हाताऱ्यांचे दोन. एकूण खर्चाला साडेसातने भागा. जेवढे खाल तेवढे द्याल. यात भांडायला जागाच नाही.

मधुरा_डोंबिवली

कराडकर, दिवसभर घर कोण सांभाळतं? शेवंती सकाळी सांगलीला गेली की तिची मुलगी जाऊबाईंकडेच असणार. पाळणाघर लावलं तर पाच हजार जातील, नऊ जणांचा स्वयंपाक वेगळाच. माणशी हिशेबात जाऊबाईंच्या नवऱ्यावर सर्वांत जास्त बोजा येतो आणि त्यांच्या कामाची किंमत शून्य. मी दहा वर्षं जाऊबाईच्या जागी होते म्हणून सांगते.

अंतूकाका

सुकन्याबद्दल सांगतो. मी हौसेने नातीचं खातं स्वतः पालक म्हणून उघडलं होतं. पुढे नियम निघाला की आई, वडील किंवा कायदेशीर पालकच हवेत, आजोबा चालत नाहीत. मग पालक म्हणून माझ्या जागी मुलाचं नाव लावलं, दोन हेलपाटे पडले. तेव्हा खातं तुम्ही दोघांपैकी एकानेच उघडा, आजोबांना मध्ये घेऊ नका. मुलगी दहाची व्हायच्या आत उघडावं लागतं.

शेवंती_तासगाव

काका, बरं झालं सांगितलंत. अण्णाच म्हणत होते, "मी उघडतो."

मधुराताई, अगदी खरं. जाऊबाईंनी मुलीला कधी परकं केलं नाही. म्हणूनच तर जीव कात्रीत.

जमाखर्च_वही

पतसंस्थेत तीस वर्षं काढली, त्यामुळे अशी घरं बरीच पाहिली. शेवंतीताई, किती द्यावं हे नंतर बघू. आधी सांगा, घराचा खरा महिन्याचा खर्च किती? आणि उरलेल्या पैशाच्या ठेवी कुणाच्या नावावर आहेत?

शेवंती_तासगाव

अण्णांच्या वहीतून काढलं. किराणा 16 हजार, दूध रोज तीन लिटर म्हणजे 5,400, भाजी-फळं 6 हजार, दोन सिलिंडर 1,800, लाईट 3,500, पाणी-इंटरनेट वगैरे 2,300, औषधं 5 हजार, भांड्याची बाई 3 हजार. बेरीज 43 हजार. शिवाय वर्षाचे खर्च : घरपट्टी, वर्षाचे गहू-तांदूळ, गौरी-गणपती, दिवाळी, आहेर, अण्णा-आईंचा मेडिक्लेम. ते 1 लाख 44 हजार, म्हणजे महिन्याला 12. एकूण 55 हजार. मुलांच्या फिया ज्याच्या त्याच्या.

ठेवी सगळ्या अण्णांच्या एकट्याच्या नावावर, साधारण 11 लाख. ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का व्याज जास्त मिळतं म्हणून. नॉमिनी हे आहेत.

जमाखर्च_वही

आता तुमचेच आकडे परत वाचा. घराचा सगळा खर्च 55 हजार आणि तुम्ही दोघं देता 45 अधिक 10, म्हणजे 55 हजार. नऊ माणसांचं घर तुमच्या दोन पगारांवर चाललंय आणि अण्णांची पेन्शन व भाऊजींचे पैसे जवळजवळ पुरते ठेवीत जात आहेत. अण्णांनी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. एका खात्यात सगळं पडलं की कुणाचं काय ते दिसेनासं होतं, एवढंच.

कमाईच्या प्रमाणात वाटा काढू. भाऊजींची वर्षाची सरासरी 40 हजार धरतो, ती नंतर तपासा. मग चौघांची कमाई 1 लाख 60 हजार. त्यातून 55 हजार उभे करायचे तर प्रत्येकाच्या शंभर रुपयांतले चौतीस आणि वर काही पैसे लागतात. अण्णांचे 11 हजार, भाऊजींचे 13,750, तुमच्या यजमानांचे सुमारे 21,300, तुमचे सुमारे 8,950. तुम्हा दोघांचे मिळून 30,250. कराडकरांच्या हिशेबाने ते 18 हजारांवर येतात, पण मधुराताईंचा मुद्दा मला पटतो. बाईच्या हातचं काम फुकट धरून केलेला माणशी हिशेब फार दिवस टिकत नाही.

म्हणजे महिन्याला पावणेपंचवीस हजार तुम्ही खर्चासाठी नाही, ठेवीसाठी देताय. वर्षाला जवळजवळ तीन लाख. तुमचा फ्लॅट तिथे आहे.

रांगडा_कराडकर

अहो पण नॉमिनी यजमान आहेत ना? मग शेवटी पैसे त्यांच्याकडेच येणार. कशाला घाबरवताय?

जमाखर्च_वही

कराडकर, इथेच बहुतेक घरं फसतात. नॉमिनीच्या हातात बँक पैसे देते, पण तो फक्त सांभाळणारा. मालकी वारसांची. अण्णांनी मृत्युपत्र केलं नसेल तर सासूबाई, दोन्ही मुलगे आणि मुलगी असेल तर तीही, सगळ्यांचा सारखा हिस्सा. मुलीचं लग्न झालंय म्हणून तिचा हक्क जात नाही, आणि जाऊही नये.

शेवंती_तासगाव

नणंद आहेत, पुण्याला. स्वभावाने चांगल्या आहेत, त्यांनी कधी काही मागितलं नाही.

जमाखर्च_वही

चांगल्या असतीलच. पण तुमच्या पगारातून साठलेल्या पैशात त्यांचा वाटा कायद्याने ठरतो, आणि तो नको म्हणा असं त्यांना सांगायची वेळ आली तर चांगल्या नणंदेशीही बिनसतं. अर्ध्या टक्क्याने 11 लाखांवर वर्षाला 5,500 जास्त मिळतात. तेवढ्यासाठी हे ओढवून घेऊ नये.

म्हणून घरात खर्च एकत्र करा, बचत नको. खर्चासाठी अण्णा-आई दोघांच्या नावाने, दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं एक खातं. त्यात ठरलेला वाटा पाच तारखेला जाईल. वर्षाच्या खर्चाचे 12 हजार त्यातच पडून राहतील, ते कुणी मोडायचे नाहीत. बाकी ज्याचं त्याचं, ज्याच्या त्याच्या नावावर. जुन्या 11 लाखांना हात लावू नका, तो विषय आत्ता काढलात तर पुढचं काही होणार नाही.

वास्को_निवासी

एक शंका. सुनेने सासऱ्याला वर्षाला पन्नास हजारांहून जास्त दिले तर ती भेट धरून अण्णांना टॅक्स लागतो ना? आमच्या ऑफिसात एकजण म्हणत होता.

जमाखर्च_वही

ती मर्यादा परक्याकडून आलेल्या पैशाला. मुलगा, सून, भाऊ, वहिनी या नात्यांतल्या भेटीवर टॅक्स नाही. अण्णांना टॅक्स लागला तर ठेवींच्या व्याजावर, कारण ते व्याज त्यांचं उत्पन्न धरलं जातं.

शेवंती_तासगाव

भाऊजींच्या सरासरीचं काय? मे महिन्यात दुकानात 80-80 हजार येताना मी पाहिलेत. ते कमी सांगतात असं मला (खरं सांगते) वाटत आलंय.

जमाखर्च_वही

गल्ला म्हणजे कमाई नव्हे. त्या 80 हजारांत तांब्याची तार, वार्निश, पोऱ्याचा पगार, गाळ्याचं भाडं आहे, आणि शेतकऱ्याची उधारी ऊस बिल आल्याशिवाय सुटत नाही. बारा महिन्यांचा जमा पैसा घ्या, हे सगळं वजा करा, बाराने भागा. हे त्यांनी स्वतः बसून काढू दे, तुम्ही काढू नका. दरमहा 13,750 त्यांना झेपणार नाहीत. पावसाळ्यात 8 हजार घ्या आणि एप्रिल ते जून जास्त घेऊन वर्षाचा वाटा पुरा करा.

मशीनच्या 1 लाख 80 हजारांचं वहीत लिहा : तारीख, रक्कम, उसने. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत 20-20 हजार दिले तर तीन हंगामांत फिटतात. भाऊजींनाही ते बरं वाटेल, उपकाराखाली राहणं कुणाला आवडतं?

मधुरा_डोंबिवली

आणि जाऊबाईंच्या हातात काही? घर चालवते ती, पण स्वतःची साडी घ्यायला नवऱ्याचं तोंड बघते. त्या 55 मध्ये तिचे दोन हजार धरा.

अंतूकाका

सुनेला घरकामाचे पैसे? मग सासूलाही द्या! हे काही मला पटत नाही.

मधुरा_डोंबिवली

द्या की काका, सासूलाही द्या.

शेवंती_तासगाव

पंधरा दिवसांनी लिहितेय. रविवारी हे अण्णांशी एकटेच बोलले, मी मुद्दाम थांबले नाही. आकडे बघून अण्णा बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मी तर तुमच्यासाठीच साठवत होतो." ते खरंच आहे, म्हणून जास्त वाईट वाटलं.

ठरलं ते असं. या महिन्यापासून हे 24 आणि मी 9 देणार, म्हणजे हिशेबापेक्षा थोडे जास्तच. मुलीचं सुकन्या खातं पालक म्हणून मीच उघडलं. मशीनचे पैसे वहीत लिहायला भाऊजी लगेच तयार झाले, उलट म्हणाले, "मीच वाट बघत होतो कुणी विचारतंय का." दुकानाचा वर्षाचा हिशेब मात्र त्यांनी अजून दिलेला नाही. खातं आईंसोबत दोघांच्या नावाने करायला अण्णा तयार नाहीत, बँकेत जायचा कंटाळा म्हणतात.

जाऊबाईंच्या दोन हजारांचा विषय मी जाऊबाईंपाशीच काढला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "तुझ्या तोंडून आलं तर मला पगारी बाई केल्यासारखं होईल." आता हे कुणी बोलायचं? भाऊजींनी, की आईंनी?