मदत हवी आहे: सदस्यत्व रद्द होत नाही, पैसे कापले जातात. थेट बँकेत चार्जबॅक टाकू का?

अनुजा_इंदिरानगर (12 मे, सकाळी)
मुलीच्या ऑनलाइन कोचिंगचे दरमहा 2,499 रुपये आपोआप कापले जातात. तिने तो क्लास केव्हाच सोडलाय. रद्द करायला गेलं की अ‍ॅप नुसतं फिरत राहतं. कस्टमर केअरचा फोन वाजतो आणि कट होतो. बँकेच्या अ‍ॅपमध्ये व्यवहारावर बोट ठेवलं की 'तक्रार नोंदवा' येतं. आता त्या कंपनीच्या मागे लागायची अजिबात इच्छा नाही. सरळ तिथून चार्जबॅक टाकला, म्हणजे बँकेमार्फतच रक्कम परत मागितली, तर सगळे पैसे परत येतील ना? कुणी नाशिकमधून केलंय का हे? लवकर सांगा, या महिन्याचेही गेलेत.

सातपूरकर
ताई, आजच टाका. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. उशीर झाला की रक्कम अडकते. 'हा व्यवहार मी केलेला नाही' हा पर्याय निवडा, त्यावर बँक पटकन हलते. कार्डही ब्लॉक करून टाका, विषय संपला.

पंचवटी_मयूर
माझेही असेच 1,800 अडकलेत. यूपीआयने चुकीच्या नंबरवर गेले, समोरचा फोनच उचलत नाही. याला चार्जबॅक लागतो का? बँकेत गेलो तर म्हणाले अ‍ॅपमधून करा.

निवृत्त_डेस्क
अनुजाताई, आज काहीही दाबू नका. आधी हे सांगा: पैसे क्रेडिट कार्डावरून जातात की यूपीआय ऑटोपेवरून? कोणकोणत्या तारखांचे परत हवेत? आणि रद्द करायचा प्रयत्न पहिल्यांदा कधी केला, त्याचा काही पुरावा आहे का?

सातपूरकर, तुम्ही सांगताय तो 2017 चा नियम फसवणुकीच्या व्यवहारांसाठी आहे, म्हणजे कुणी परस्पर पैसे काढले तर. इथे सुरुवातीला ताईंनी स्वतः ओटीपी टाकून परवानगी दिलेली आहे. 'मी केला नाही' म्हटलं की कंपनी त्या ओटीपीची नोंद पुढे करणार आणि दावा तिथेच पडणार. वर कार्ड बदलावं लागेल ते वेगळंच.

मयूर, तुमचं प्रकरण निराळं आहे. यूपीआय अ‍ॅपमध्ये त्याच व्यवहारावरून तक्रार नोंदवा आणि स्वतंत्र धागा काढा.

अनुजा_इंदिरानगर
क्रेडिट कार्ड. दर महिन्याच्या 8 तारखेला जातात. मार्च, एप्रिल, मे असे तिन्ही परत हवेत. मुलगी फेब्रुवारीपासून एकदाही बसलेली नाही, कंपनीला ते दिसतंच की! रद्दचं बटण 6 एप्रिलला दाबलं, एरर आला, स्क्रीनशॉट आहे. मग 10 एप्रिलला ईमेल केला. त्यावर तिकीट नंबर आला, पुढे कुणी बोललंच नाही. 8 मेला परत कापले. अजून किती वेळा विचारायचं त्यांना?

निवृत्त_डेस्क
हे पहिल्याच पोस्टमध्ये आलं असतं तर बरं झालं असतं, पण हरकत नाही. मी बँकेच्या डिस्प्यूट डेस्कवर काम केलं आहे, त्यामुळे तुमचा अर्ज पलीकडे कसा वाचला जातो ते सांगतो.

बँकेच्या फॉर्ममध्ये कारण निवडल्यावर एक रकाना येतो: व्यापाऱ्याकडे सेवा रद्द केल्याची तारीख. आपोआप कापल्या जाणाऱ्या सदस्यत्वाच्या दाव्यात बाकी सगळं या तारखेवर उभं असतं. त्या तारखेनंतर कापलेला व्यवहार दाव्यात धरता येतो, आधीचा धरता येत नाही. रकाना रिकामा ठेवलात किंवा आजची तारीख टाकलीत, तर कंपनी म्हणणार की यांनी आम्हाला कधी कळवलंच नाही, सेवा चालू होती, खातं चालू होतं. बँकेकडे त्यावर उत्तर नसतं. म्हणून रद्द करायचा प्रयत्न आधी आणि चार्जबॅक नंतर. तो प्रयत्न फसला तरी चालेल. फसला याचाच पुरावा तुमच्या कामाचा असतो.

आता तुमचे तीन महिने पाहू. 8 मेचा व्यवहार भक्कम आहे, कारण 10 एप्रिलचा ईमेल आणि तिकीट नंबर हातात आहे. 8 एप्रिलचाही टाकता येईल, 6 तारखेच्या स्क्रीनशॉटवर, पण त्यावर वाद होईल. मार्चचा विसरा. तेव्हा तुम्ही काहीच रद्द केलं नव्हतं. मुलगी बसत नव्हती याला रद्द करणं म्हणत नाहीत. तिन्ही एकत्र टाकलेत तर मार्चमुळे पूर्ण दाव्याकडे संशयाने पाहिलं जातं.

सातपूरकर
पण इतकं थांबलं तर मुदत निघून जाईल ना? माझ्या मेव्हण्याला बँकेने उशीर झाला म्हणून परत पाठवलं होतं.

निवृत्त_डेस्क
मुदत असते हे तुमचं बरोबर आहे, फक्त ती तीन दिवसांची नाही. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत अशा दाव्याला साधारण 120 दिवस मिळतात, व्यवहार नोंदला गेल्यापासून. म्हणजे एप्रिलच्या रकमेला ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आणि मेच्या रकमेला सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत. पण ही मुदत बँकेने दावा पुढे पाठवण्याची आहे. बँक तुमच्याकडून कागद त्याच्या बऱ्याच आधी मागते आणि प्रत्येक बँकेची आतली मुदत वेगळी असते. मेव्हण्यांचं तिथेच अडलं असेल. म्हणून चार महिने निवांत बसू नका, पण आजच्या आज धावूही नका. आठवडाभरात तयारी करून टाकलेला दावा वेळेत बसतो.

वसुधा_योग
दुसरी बाजूही ऐका. मी कॉलेज रोडला योगवर्ग चालवते, ऑनलाइन बॅचही आहे. गेल्या वर्षी एका बाईंनी काही न कळवता बँकेत दावा टाकला. मला एक मेसेज केला असता तर त्याच संध्याकाळी पैसे परत केले असते. त्याऐवजी पेमेंट गेटवेने माझे पैसे रोखले, वर दंड लावला आणि उत्तर द्यायला थोडेच दिवस दिले. मी त्यांच्या हजेरीच्या नोंदी दिल्या आणि दावा माझ्या बाजूने लागला. कंपनी मोठी असो की माझ्यासारखी छोटी, तिला आधी लेखी सांगा. आणि त्यांच्या अटीत रद्द करायची मुदत काय लिहिली आहे ते वाचा. काहींची 48 किंवा 72 तासांची असते.

अनुजा_इंदिरानगर
वाचलं आत्ता. नूतनीकरणाच्या 72 तास आधी रद्द करावं असं लिहिलंय. म्हणजे 6 एप्रिल उशिरा झाला? पण बटणच चालत नव्हतं, मी काय करणार होते?

वसुधा_योग
मी कंपनीच्या जागी असते तर एप्रिलवर नक्की हेच लिहिलं असतं, की अटीप्रमाणे उशीर झाला.

निवृत्त_डेस्क
ते लिहितील हे खरं. पण माझ्या मते तरीही एप्रिल टाकावा, मात्र मेपासून वेगळा. 8 तारखेला व्यवहार होण्याआधी परवानगी काढून घ्यायचा प्रयत्न झालेला दिसतो आहे. स्क्रीनशॉटवर तारीख आणि वेळ दिसते का?

अनुजा_इंदिरानगर
फोनच्या वरच्या पट्टीत फक्त वेळ दिसते, 9:42. तारीख नाही.

निवृत्त_डेस्क
मग गॅलरीत त्या फोटोची माहिती उघडा. तिथे तारीख असते, त्या पानाचाही स्क्रीनशॉट घ्या. मूळ फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवू नका, फिरवलेल्या प्रतीत ही माहिती उरत नाही.

गोदाकाठ
एक गोष्ट कुणीच बोललं नाही. चार्जबॅक हा त्या एका व्यवहारापुरता असतो. मेचे पैसे परत आले तरी 8 जूनला पुन्हा कापले जातील. आधी ई-मँडेट, म्हणजे दरमहा आपोआप पैसे कापायची दिलेली परवानगी, बंद करा. पैसे कापायच्या किमान 24 तास आधी बँकेचा मेसेज येतो, त्यातही बंद करायची सोय असते. नाहीतर बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाखाली चालू मँडेटची यादी सापडेल.

अनुजा_इंदिरानगर
यादी पाहिली. त्यात कोचिंगचं नावच नाही. 2,499 चं एक आहे, पण कंपनी भलतीच.

गोदाकाठ
तीच असणार. तिथे बरेचदा मूळ कंपनीचं किंवा पेमेंट गेटवेचं नाव दिसतं. कार्डाच्या स्टेटमेंटमध्ये 8 तारखेसमोर जे नाव आहे त्याच्याशी जुळवून बघा आणि मगच बंद करा, नाहीतर विम्याचं वगैरे बंद व्हायचं.

सातपूरकर
मँडेट बंद केलं म्हणजे सदस्यत्व रद्दच झालं की. मग ईमेल कशाला?

निवृत्त_डेस्क
नाही. मँडेट बंद केल्याने पैशाची वाट बंद होते, कंपनीशी असलेला करार उभाच राहतो. काही कंपन्या त्यानंतर थकबाकीचे फोन सुरू करतात. म्हणून दोन्ही करायचं.

अनुजाताई, आज एक शेवटचा ईमेल पाठवा, जुन्या तिकीट नंबरच्याच साखळीत. 6 एप्रिलला अ‍ॅपमधून रद्द करायचा प्रयत्न केला, 10 एप्रिलला लेखी कळवलं, तरी 8 मेला रक्कम कापली, सदस्यत्व 6 एप्रिलपासून बंद धरून पैसे परत करा, सात दिवसांत उत्तर न आल्यास बँकेकडे दावा करेन. एवढंच. रागाचं काही लिहू नका, हा ईमेल बँकेतला माणूस वाचणार आहे. तोपर्यंत त्या अ‍ॅपमध्ये लॉग इन करून व्हिडिओ वगैरे उघडू नका, मुलीलाही सांगा. रद्द केल्यानंतर सेवा वापरली ही नोंद कंपनीच्या हातातलं सगळ्यात सोपं उत्तर आहे.

अनुजा_इंदिरानगर (12 मे, रात्री)
मँडेट बंद केलं, नाव स्टेटमेंटशी जुळलं. ईमेलही गेला. आणि लगेच उत्तर आलं! 'आपला परतावा 7 ते 10 कामकाजाच्या दिवसांत जमा होईल.' कोणत्या महिन्याचा ते लिहिलेलं नाही. आता दावा टाकू की थांबू?

निवृत्त_डेस्क
थांबा, पण उलट विचारून घ्या: किती रक्कम, कोणत्या तारखेच्या व्यवहाराची. लेखी आश्वासन मिळालं की दाव्याचं कारणच बदलतं. आता तो 'कबूल केलेला परतावा मिळाला नाही' असा होतो, आणि त्यासाठी आश्वासनानंतर साधारण 15 दिवस जाऊ द्यावे लागतात. आज टाकलात तर घाई केली म्हणून परत येईल. मध्येच परतावाही आला आणि बँकेनेही हंगामी रक्कम जमा केली, तर एक उलटी फिरवली जाते आणि कार्डाचा हिशोब लावताना डोकं फिरतं. 27 मेपर्यंत जमा झालं नाही तर 28 ला दावा टाका. एप्रिलसाठी तेव्हाही भरपूर वेळ असेल.

वसुधा_योग
एप्रिलच्या बाबतीत माझं मत अजूनही तेच आहे. 72 तासांची अट त्यांनी मान्य करून घेतलेली आहे.

निवृत्त_डेस्क
आणि माझंही. रद्द करायचं चालू बटण न देता त्या अटीवर बोट ठेवणं बँकेला पटेलच असं नाही. बँकेने एप्रिल नाकारला तर बँकेच्या तक्रार विभागात लेखी द्या. 30 दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं. कंपनीविरुद्धची तक्रार मात्र तिथे चालत नाही, त्यासाठी ग्राहक हेल्पलाइन 1915.

पंचवटी_मयूर
माझ्या 1,800 चं कुणी सांगेल का? आणि गंगापूर रोडच्या जिमला वर्षाची फी रोख दिली होती, त्याला काही होतं का?

गोदाकाठ
रोखीला चार्जबॅक नसतो. पावती असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. नवीन धागा काढा भाऊ.

अनुजा_इंदिरानगर (14 मे)
त्यांचं उत्तर आलं: फक्त मेचे 2,499. एप्रिलबद्दल अक्षर नाही. मेचे जमा होतात का बघते, आणि एप्रिलचा फॉर्म आजच भरायला घेतला आहे. रद्द केल्याच्या तारखेच्या रकान्यात 6 टाकू की 10?

निवृत्त_डेस्क
6 एप्रिल. खाली तपशिलात लिहा की त्या दिवशी अ‍ॅपमधून प्रयत्न केला, तो एररमुळे झाला नाही, आणि 10 ला ईमेलने पुन्हा कळवलं. दोन्ही पुरावे जोडा. 10 टाकलीत तर 8 एप्रिलचा व्यवहार तुमच्याच हाताने दाव्याबाहेर जाईल.