पॅच की गोळी

«पाळी गेल्यापासून आईला रात्री घामाने जाग येते. इस्ट्रोजेन हार्मोनच्या गोळीऐवजी पॅच लावला की रक्ताच्या गुठळीचा आणि ब्रेस्ट कॅन्सरचा धोका राहत नाही ना?»

गुठळीबाबत बरंचसं खरं, कॅन्सरबाबत नाही. गोळीतलं इस्ट्रोजेन आतड्यातून आधी यकृतात जातं आणि तिथे रक्त गोठवणारे घटक वाढवतं. पॅचमधलं त्वचेतून थेट रक्तात जातं, म्हणून नेहमीच्या डोसला गुठळीचा धोका वाढलेला दिसत नाही.

कोथरूडच्या माझ्या वहिनी ५२ वर्षांच्या, वजन ८६ किलो. जाड व्यक्तीत गुठळीचा धोका मुळातच जास्त, त्यामुळे डॉक्टरांनी गोळी नको म्हणून पॅच दिला. कमरेखाली लावायचा, आठवड्यातून दोनदा बदलायचा, दर वेळी जागा वेगळी. गर्भाशय आहे म्हणून रात्री प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूलही. त्या ती मध्येच बंद करणार होत्या, मी हट्टाने थांबवलं: नुसत्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाचं अस्तर वाढतं आणि तिथे कॅन्सर होऊ शकतो.

स्तनाचा धोका मात्र पॅचने टळत नाही. तो इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही दोन्ही हार्मोन किती वर्षं घेतली यावर वाढतो. २००२च्या अमेरिकन अभ्यासात दोन्ही हार्मोनच्या गोळीने दर १०,००० बायकांमागे वर्षाला साधारण ८ जास्त केसेस दिसल्या.

आईंना ब्रेस्ट कॅन्सर, स्ट्रोक, हार्ट अटॅक किंवा यकृताचा आजार झाला असेल, किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला असेल, तर हे सुरू करू नका. पूर्वी पायात गुठळी झाली असेल तर पॅचही रक्तविकारतज्ज्ञांना विचारूनच.