प्रतिसाद: 11:11 च का दिसतं?

«घड्याळाकडे पाहिलं की नेमके 11:11, बिलावरही 444. याला काहीच अर्थ नाही?»

अंकशास्त्रात 11 हा ‘मास्टर नंबर’, तो 1+1 करून 2 पर्यंत उतरवत नाहीत. पण चारही अंकांची बेरीज घेणारा 4 वाचतो, 11 आणि 11 मिळून 22 धरणारा वेगळंच सांगतो. एकाच वेळेचे तीन अर्थ निघतात, तिथे माझा विश्वास डळमळतो.

आता मोजून बघा. बारा तासांच्या घड्याळात 720 वेगवेगळ्या वेळा दिसतात. त्यातल्या 57 उलटसुलट सारख्याच, म्हणजे 2:52, 12:21 वगैरे. साधारण दर तेराव्या नजरेला एक! त्यात 12:34, 10:10 धरलेलेही नाहीत. बिलाचंही तसंच: रक्कम, बिल क्रमांक, वेळ, कुठेतरी 444 सापडतंच.

मी पंधरा दिवस घड्याळ पाहिलं की लगेच वेळ वहीत टिपायचो, 10:47 असो की 3:26. 11:11 एकदाच आलं, आणि तेही 11:09 ला पाहून मुद्दाम पुन्हा डोकावलो म्हणून. वही नसती तर 10:47 केव्हाच विसरलो असतो. भाषाशास्त्रज्ञ अरनॉल्ड झ्विकी यांनी 2005 मध्ये, नजरेत भरलेली गोष्ट वारंवार घडतेय असं वाटण्याला ‘फ्रिक्वेन्सी इल्युजन’ म्हटलं. फक्त टिपण नजर पडताक्षणी करा, रात्री आठवून नको.