मदत हवी आहे: दोन मिनिटांच्या देणगी-व्हिडिओत मागणी कुठे ठेवावी?

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेचा व्हिडिओ आहे. आईबाप दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन कारखान्याकडे निघतात, चौथीतली मुलगी शाळा न सोडता गावीच राहते. गोष्ट एवढीच.

सध्याची जुळणी अशी: पहिल्या १० सेकंदांत मुलगी स्वतःच्या ट्रंकेला कुलूप लावते, नंतर ट्रॅक्टर निघतो, मग वसतिगृहातली संध्याकाळ. ७० व्या सेकंदाला आई म्हणते, "पोटासाठी जातो, पोरीला टाकून नाही जात." या वाक्याखालचं संगीत काढलंय. व्हायोलिन होतं तेव्हा बाई बिचारी वाटत होती. आता ती ठाम वाटते.

अडचण मागणीची. एका मुलाचा महिन्याचा खर्च १,८०० रुपये, सहा महिन्यांचे १०,८००. पण या मुलीचा खर्च आधीच भागलाय आणि येणारे पैसे सगळ्या ४० मुलांत वापरले जातील. म्हणून "हिला मदत करा" म्हणणं खोटं ठरेल. "हिच्यासारख्या एका मुलाचा हंगाम" म्हटलं तर खरं आहे, पण शेवटी ते ऐकताना एकदम थंड पडतं.

आईच्या वाक्यानंतर लगेच आकडा सांगावा, की मध्ये वसतिगृहाच्या स्वयंपाकघराचा, ४० ताटांचा शॉट घालून "एक" वरून "चाळीस" वर यावं? दुसरं म्हणजे, आईची संमती लेखी आहे, पण अंतिम कट तिला दाखवायचाय आणि ती फडात आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून फोनवर होकार घेणं पुरेसं धरता का?